अक्कानं तेल-तूप सोडलं तेव्हा

सकाळी माझ्या सोनोग्राफी सेंटरबाहेर जी माणसं बसलेली असतात ती सगळी उपाशी असतात, आणि म्हणून सगळी चिडलेली असतात. मीही चिडलेली असते, पण मला उपाशीपणाचं निमित्त नाही. पोटाची तपासणी करायची तर आदल्या रात्रीनंतर काही खायचं नाही, हे आम्ही फोनवर सांगतो, दारावर लिहून लावलंय, तरी रोज कुणीतरी चहा पिऊन येतंच. विचारलं की म्हणतात, चहाच तर घेतला, खाल्लं कुठे काही. आमच्या खानदेशात चहा ही खाण्यापिण्यात मोडणारी गोष्टच नाही. घरातून निघताना एक होतो, बसस्टँडवर उतरल्यावर दुसरा होतो, आणि मग माणूस उपाशीपोटी दवाखान्यात येतो.

पण दुधाचा चहा पोटात गेला की पित्ताशय आकसतं. यकृताखाली लटकणारी ही छोटी पिशवी. यकृत दिवसभर पित्त तयार करतं, पिशवी ते साठवून घट्ट करते, आणि जेवणातला स्निग्ध अंश आतड्यात उतरला की तिला निरोप जातो. मग ती स्वतःला पिळून पित्त खाली सोडते. रिकामी झालेली पिशवी सुरकुतलेल्या मिरचीसारखी दिसते आणि तिच्या आत काय आहे ते मला धड कळत नाही. मग मी त्या माणसाला उद्या या म्हणते, तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघते. पंचवीसेक वर्षं हेच चाललंय. पळसाला पानं तीनच.

मधे काही महिने मात्र मी कुणाकडे बघत नव्हते, बाकीचे डॉक्टर मलाच बघत होते. मला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन मुंबईला झालं, मग केमो, मग रेडिएशन. उजवा स्तन गेला, त्या बाजूच्या काखेतल्या गाठीही गेल्या. मी त्याच बाजूच्या हातानं काम करते, त्यामुळे आता दुपारपर्यंत तो हात सुजतो आणि जड होतो. कामावर परत आले ते हौसेनं नाही. घरात बसलं की विचार येतात, आणि विचारांपेक्षा लोकांची पोटं बरी.

त्या सगळ्या काळात अक्का माझ्याजवळ होती. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, पारोळ्याजवळच्या खेड्यात दिली आहे. आमची आई लवकर गेली, तेव्हापासून ती माझी बहीण कमी आणि आई जास्त. अंगानं भरदार. लहानपणापासून मी तिला भरदारच पाहिली. केमोनंतर मला उभं राहवायचं नाही, तेव्हा ती मला काखेत हात घालून उचलायची आणि न्हाणीत नेऊन बसवायची. मी ओकत असताना माझं कपाळ धरून उभी राहायची. तिच्या हाताला लसूण आणि साबणाचा वास यायचा. त्या वासानं मळमळायचं, पण हात काढ म्हणवत नव्हतं.

माझी ट्रीटमेंट संपली आणि ती गावाकडे गेली. पुढे आमची भेट व्हायची ती फोनवरच. मी थकलेली असायचे, ती म्हणायची, जेवलीस का, झोपलीस का, आणि फोन ठेवायची. मधे एकदा भाचा, म्हणजे तिचा मुलगा, खत घ्यायला जळगावला आला तेव्हा म्हणाला की आई बारीक झालीये, फार बारीक. मला बरं वाटलं. मीच तिला दहा वर्षं सांगत होते वजन कमी कर, गुडघे जातील, साखर वाढेल. ऐकलं म्हणायचं एकदाचं. शहाण्याला शब्दाचा मार, असं मी भाच्याला गमतीनं म्हटलंसुद्धा. गावातल्या बाया तिला विचारत होत्या म्हणे, कोणती पावडर घेतेस, कारण हल्ली तालुक्याच्या गावातही सकाळी पावडरचं दूध पिऊन बारीक व्हायचे क्लब निघालेत. अक्का कुणाला काही सांगत नव्हती. ब्लाउजला आतून टीप मारायची आणि घालायची.

मग गावात सप्ताह झाला. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि भंडारा. भंडारा म्हणजे वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. कणकेच्या बट्ट्या तेलातून तळून काढलेल्या, वर तुपाची धार. पत्रावळीवर पडलेला प्रसाद नाकारायचा नसतो. अक्कानं खाल्ला. संध्याकाळी तिच्या पोटात वरच्या बाजूला, उजवीकडे, असं दुखायला लागलं की तिला बसवेना आणि आडवंही होववेना. कळ मागे उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जात होती. ओकाऱ्या झाल्या. गावातल्या डॉक्टरनं गॅसचं म्हणून इंजेक्शन दिलं. शेजारणीनं मुतखडा ठरवला आणि हुलग्याचं पाणी पाजलं, कारण आमच्या भागात पोटात कळ आली की तो मुतखडाच असतो आणि हुलगे कुणाच्याही घरात असतात. पहाटे कळ आपोआप थांबली. हुलग्यांना यश आलं.

दोन दिवसांनी अक्का भाच्याला घेऊन माझ्या दारात. मी तिला ओळखलं, पण एक क्षण उशिरा. गालांची हाडं वर आलेली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मला वाटलं होतं ती पोट दाखवायला आलीये. तिनं आल्या आल्या माझाच चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे फिरवला आणि विचारलं, "तुले काय दुखस का? खरं सांग."

मी म्हटलं मला काही दुखत नाही, हात सुजतो तेवढा. तिचा विश्वास बसला नाही. गळ्याला हात लावून गाठ बघितली, मी बघते तशी. मी वैतागले. दुखतंय हिला, हाल झालेत हिचे, आणि तपासणी माझी चाललीये. भाच्यानं मला बाजूला घेऊन सप्ताहाच्या रात्रीचं सगळं सांगितलं आणि म्हणाला, मावशी, हिच्या पोटावर एकदा मशीन फिरव, मला ती काही सांगत नाही.

तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत मी तिला पलंगावर झोपवलं. सवयीनं विचारलं, सकाळपासून काही खाल्लं का. तिनं खरं सांगितलं: दोन केळी आणि बिनदुधाचा चहा. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. घरचीच माणसं असं करतात. तरी जेल लावलं, बघू दिसतं तेवढं. आणि पिशवी दिसली, तीही टम्म भरलेली. रात्रभर उपाशी राहिलेल्या माणसाचीही कधी कधी इतकी भरलेली नसते. आत तळाला गाळ बसला होता, मऊ, राखाडी, आणि गाळात बारीक बारीक खडे. तिला डाव्या कुशीवर वळवलं तसे ते घरंगळत दुसऱ्या बाजूला गेले. प्रत्येक खड्याच्या मागे काळी सावली पडत होती, कारण आवाजाच्या लहरी खड्यातून पलीकडे जात नाहीत. पित्ताची मोठी नळी मी दोनदा मोजली. ती फुगलेली नव्हती, म्हणजे खडा तिच्यात उतरला नव्हता, एवढं तरी बरं.

वय, वजन, बाळंतपणं बघता खडे होणं नवल नव्हतं. तिच्या वयाच्या जाड बायकांचं पित्त तसंही खडे धरायच्या काठावरच असतं. पण दोन वर्षांपूर्वी मीच तिची सोनोग्राफी केली होती आणि पिशवी स्वच्छ होती. मी मशीनचा प्रोब तसाच पोटावर धरून विचारलं, तू खातेस तरी काय? ती वर छताकडे बघत होती. पुन्हा विचारलं. मग हळूहळू निघालं. एक वेळ भाकरी, मीठ-मिरची, उकडलेली भाजी, केळी. दूध नाही, शेंगदाणे नाहीत, खोबरं नाही. तेलाचा आणि तुपाचा थेंब नाही. माझ्या ऑपरेशनच्या दिवसापासून. देवीला बोलली होती.

मला आधी नीट कळलंच नाही. मी म्हटलं, कशासाठी? तिनं माझ्याकडे बघितलं, एवढी शिकून कशी काय वेडी राहिली अशा नजरेनं.

"तुनासाठे," ती म्हणाली.

मी विचारलं, किती दिवस? तर पाच वर्षं. मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्यासमोर मला सांगितलं होतं की पाच वर्षं सुखरूप गेली की आपण मोकळा श्वास घेऊ. ते त्यांच्या हिशेबानं बोलले. तिनं ती मुदत उचलली आणि देवीपुढे ठेवली. आणि भंडाऱ्याच्या प्रसादातलं तूप पोटात गेलं आणि रात्री कळ आली, तेव्हा तिनं ओळखलं की नवस मोडला, देवी कोपली. मग कोप नुसता तिच्यावर कशाला होईल. म्हणून ती पोट दाखवायला नाही, मला बघायला आली होती. दोन दिवसांपासून तर भाकरीही अर्धीच खात होती.

मी दिवा लावला. फार राग आला. तिचा आला, मुंबईच्या डॉक्टरांचा आला, देवीचा आला, आणि त्याहून जास्त म्हणजे दमायला झालं. आजारातून उठलेल्या माणसाला सगळे म्हणतात, आता तू फक्त स्वतःकडे बघ. आणि इथं माझ्या नावानं कुणीतरी आपलं पोट सुकवत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी तिला सांगितलं नव्हतं. मी मागितलं नव्हतं. हे मी तिला बोललेही, आणि ती नुसती पदरानं पोटावरचं जेल पुसत बसली.

मग मी शांत झाले आणि तिला समजावलं. पाकावरून सांगितलं, कारण पाक तिच्याइतका कुणाला जमत नाही. पाण्यात साखर एका हद्दीपर्यंतच विरघळते. त्यापलीकडे घातली आणि पाक तसाच ठेवून दिला तर तळाशी कणी धरते. पित्तात साखरेच्या जागी कोलेस्टेरॉल असतं. ते पाण्यात विरघळत नाही. पित्तातले क्षार आणि लेसिथिन नावाचा एक पदार्थ त्याला धरून ठेवतात, साबणाचं पाणी तेलकटपणा धरून ठेवतं तसं. तेही किती धरणार? माणूस झपाट्यानं बारीक होतो तेव्हा अंगावरची चरबी वितळते, तिच्यात वर्षानुवर्षं साठलेलं कोलेस्टेरॉल सुटतं, यकृताकडे येतं आणि यकृत ते पित्तात ओततं. धरणारे तेवढेच आणि धरायचं मात्र जास्त. त्यात हिच्या जेवणात तेल-तूप नाही, म्हणजे पिशवीला आकसायचा निरोपच जात नाही. तेच गच्च झालेलं पित्त दिवसेंदिवस तिथं पडून राहतं. आधी गाळ होतो, मग कणी, मग खडे. आणि कित्येक महिन्यांनी एके दिवशी तुपात बुडवलेली बट्टी खाल्ली, तर झोपलेली पिशवी एकदम जोरानं आवळली गेली आणि खडा तोंडाशी जाऊन अडकला. तो परत मागे सरकला म्हणून कळ थांबली.

"अक्का," मी म्हटलं, "देवी कोपनी नही. पित्त गोठनं."

तिनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. पाकाचं तिला पटलं. मान डोलावली. मग म्हणाली की म्हणजे तूप खाल्लं म्हणूनच दुखलं ना. मी डोकं धरलं. डॉक्टरी शिकलेली बहीण असून उपयोग काय, एवढं सगळं सांगून ती परत तिथंच.

सर्जन माझे जुने ओळखीचे, त्याच रस्त्यावर त्यांचं हॉस्पिटल आहे. त्यांनी रक्त तपासलं, कावीळ नाही, स्वादुपिंडाला सूज नाही. त्यांनी सांगितलं ते मला माहीत होतं, पण आपल्या माणसाबद्दल दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं. नुसते खडे असते आणि त्रास नसता तर सोडून दिलं असतं. पण हिला कळ येऊन गेलीये, आणि खडे बारीक आहेत. लोकांना मोठ्या खड्याची भीती वाटते, खरा उपद्व्यापी असतो तो बारीक. तो नळीत उतरतो, कावीळ करतो, स्वादुपिंडाला सूज आणतो आणि त्यात माणूस जातोसुद्धा. पिशवी काढलेली बरी. वजन उतरत असताना ही आपल्याकडे आली असती तर पित्त पातळ ठेवणारी गोळी देता आली असती, असंही ते म्हणाले. लठ्ठपणाचं ऑपरेशन केलेल्यांना ते स्वतः काही महिने देतात. ते सहज बोलले. मी खिडकीबाहेर बघत होते. गोळी द्यायला आधी कुणाला माहीत हवं की घरात कोण उपाशी आहे.

ऑपरेशनला अक्का लगेच तयार झाली. तिची हरकत त्याला नव्हतीच. पिशवी काढा, काय हवं ते काढा, पण तेल-तूप खाणार नाही. सर्जनना वाटलं, छान, पथ्याची बाई आहे. त्यांना कळेना मी का चिडतेय. मला दिसत होतं की पिशवी गेली तरी ही अशीच चार वर्षं अर्ध्या भाकरीवर राहणार. तिच्या रक्तात प्रथिनं कमी आली होती, पायऱ्या चढताना धाप लागत होती. खड्यांनी नाही तर उपाशीपणानं ती जाणार होती, आणि तिच्या मते माझ्यासाठी जाणार होती.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडेच होती. ओट्याशी उभी राहून स्वतःसाठी भाजी उकडत होती. दुसऱ्याच्या हाताला तेल लागलेलं असेल म्हणून मला भांड्याला हात लावू देत नव्हती. मी स्टूल घेऊन शेजारी बसले. माझा हात उशीवर ठेवायची वेळ झाली होती. मी म्हटलं, नवस मी सोडवते, मंदिरात जाऊन मीच सांगते. ती म्हणाली, बोललेल्यानंच सोडवायचा असतो. मी म्हटलं, कॅन्सर परत यायचा की नाही यायचा, ते तुझ्या भाजीतल्या तेलावर नसतं, मी रोज हेच बघते. ती म्हणाली, तू रोज बघतेस, मी तुला बघितलंय.

मग तिनं गॅस बंद केला आणि माझ्याकडे वळली. इतके महिने जे पोटात ठेवलं होतं ते तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं.

"मी खादं आनि तुले परत व्हयनं, मंग?"

याला डॉक्टरचं उत्तर आहे. टक्केवारी आहे, ती मला पाठ आहे. ते काही माझ्या तोंडून निघेना, कारण परत होईल का हा प्रश्न मी स्वतः रोज दात घासताना विचारते आणि तिथंही टक्केवारी चालत नाही. मला रडू आलं. आजारात रडले नव्हते, तेव्हा रडण्याइतकं त्राणच नव्हतं.

"मंग माले न्हानीमा कोन लई जाई?" मी म्हटलं. "तुनामा आते जीव नही, अक्का. माले उचलाले तू धड पाहिजे."

ती आपल्या हातांकडे बघत होती, मनगटावरून कोपराकडे सरकणाऱ्या बांगड्यांकडे. मला वाटतं, त्या हातांनी आता मी उचलली जाणार नाही हे तिला तेव्हाच दिसलं. देवीशी तिचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण ते तिथं ओट्यापाशीच झालं असावं. मग तिनं पदर खोचला आणि बाजारात भाव पाडून घेतल्यासारखं सांगितलं.

"तेल खासू. शेंगदाना खासू, दूधबी पिसू. तूप नही. तूप तिनं."

मी हो म्हटलं, तूप देवीचं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून, काही अडचण आली नाही. सर्जननी रिवाजाप्रमाणे खडे बाटलीत घालून आणून दिले. पिवळसर, मुगाच्या डाळीएवढे. भाच्यानं उजेडात धरून बघितले आणि बाटली कुठे ठेवायची ते कुणाला कळेना. अक्का चार दिवस माझ्याकडे राहिली. पहिल्यांदा तेलाच्या फोडणीचं वरण तिच्या ताटात वाढलं तेव्हा तिनं घास घेण्याआधी एकदा माझ्याकडे बघितलं, मी जिवंत आहे ना असं. मग जेवली.

आता ती बरी आहे. वजन थोडं भरलंय, आवाजात जोर आलाय, फोनवर मला ओरडते. तूप मात्र सोडलेलंच आहे. वरण-बट्टी झाली की तिची बट्टी वेगळी, बिनतुपाची, तेल लावून काढतात. भाचा मला म्हणतो, मावशी, आता तिला पिशवीच नाही, थोडं तूप खाल्लं तर काय होतं, तू सांगितलंस तर ऐकेल. बरोबर आहे त्याचं. काही होत नाही, आणि मी सांगितलं तर ती ऐकेलही. परवा माझी तपासणी झाली, रिपोर्ट चांगला आला, तो पहिल्यांदा तिलाच कळवला. तुपाचं बोलायचं तोंडावर आलं होतं, पण मी बोलले नाही. पाच वर्षांतली अजून तीन वर्षं आणि काही महिने बाकी आहेत, आणि मला ते बोलायचा धीर होत नाही.